सोळा महिने नाही, तीन पाळ्या

प्रश्न: माझं वय २७, राहते फोंडा तालुक्यात. लग्नाला १६ महिने झाले. नवरा जहाजावर इंजिन-रूममध्ये आहे. लग्नानंतर तो दीड महिना घरी होता, तेव्हा आम्ही निरोध वापरत होतो. मग ८ महिने जहाजावर, अडीच महिने रजेवर, आणि गेले ४ महिने परत बाहेर. पुढच्या महिन्यात तीन महिन्यांच्या रजेवर येतोय. माझी पाळी ३१-३२ दिवसांनी नियमित येते. चवथीला सगळ्यांनी विचारून हैराण केलं. सासूबाई मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. थायरॉइड नॉर्मल, एएमएच १.९ आलं, त्यावर 'साठा कमी होतोय, उशीर नको' असं म्हणाले. एचएसजी करायला सांगितलं आणि पाच दिवसांच्या बीज वाढवायच्या गोळ्या दिल्या, त्या मी अजून घेतलेल्या नाहीत. नवऱ्याच्या तपासणीचं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, 'त्याचं दर कॉन्ट्रॅक्टआधी मेडिकल होतं, तो फिट आहे.' मला नोकरीत कायम व्हायला अजून दहा महिने आहेत, त्यानंतरच मूल हवं आहे. मी खरंच उशीर करतेय का? आणि घरी काय सांगू?

उत्तर: नाही, तुम्ही उशीर करत नाही आहात. एचएसजी आत्ता करू नका. त्या गोळ्या कपाटातच राहू द्या. एएमएचचा आकडा डोक्यातून काढून टाका. तुमच्या घरात आज करण्यासारखी एकच तपासणी आहे, ती तुमच्या नवऱ्याची, आणि तीही सवडीने केली तरी चालेल. मी गेली चोवीस वर्षं गोव्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. तुमच्यासारख्या, नवरा जहाजावर असलेल्या बऱ्याच मुली माझ्याकडे येतात. त्यातल्या बहुतेकींच्या सासरी एकच हिशेब चुकलेला असतो, म्हणून आधी तो नीट मांडते.

घरातली माणसं दिवस मोजतात ते अक्षता पडल्यापासून. वैद्यकशास्त्र मोजतं ते नवराबायको एकत्र असताना, कुठलंही साधन न वापरता गेलेल्या पाळ्या. तुमचे १६ महिने या मापाने मोजून बघा. पहिला दीड महिना निरोध होता, तो गेला. ८ महिने आणि ४ महिने तो समुद्रावर होता, तेही गेले. राहिले अडीच महिने, म्हणजे साधारण ७५ दिवस. ३२ दिवसांच्या पाळीत बीज एकदाच सुटतं, म्हणजे ७५ दिवसांत दोनदा, फार तर तीनदा. तुमच्या लग्नाला १६ महिने झाले असले तरी गर्भ राहण्याची संधी तुम्हाला जास्तीत जास्त तीन वेळा मिळाली आहे.

आता तीन संधींत काय होतं ते बघू. तुमच्या वयाच्या, सगळं ठीक असलेल्या जोडप्याला एका पाळीत दिवस राहण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. अशी शंभर जोडपी घेतली तर पहिल्या पाळीनंतर ८० जणांना दिवस राहिलेले नसतात, दुसऱ्या पाळीनंतर ६४ जणांना, तिसऱ्यानंतर ५१ जणांना. म्हणजे सगळं उत्तम असूनही निम्म्याहून थोडी जास्त जोडपी तुमच्यासारखीच, हात रिकामे घेऊन उभी असतात. पुढे हा वेग थोडा मंदावतो, कारण ज्यांना चटकन राहायचं त्यांना राहून गेलेलं असतं. वर्ष पुरं होईपर्यंत शंभरातल्या ८० ते ८५ जणींना दिवस गेलेले असतात, आणि उरलेल्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या वर्षात, काहीही उपचार न करता. म्हणूनच वंध्यत्वाची व्याख्या करताना 'बारा महिने नियमित संबंध येऊनही' असं म्हणतात. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच तपासायला घेतात. या व्याख्येत लग्नाची तारीख कुठेही येत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. 'चौदाव्या दिवशी बीज सुटतं' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते २८ दिवसांच्या पाळीला लागू आहे. बीज सुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणून ३२ दिवसांच्या पाळीत ते अठराव्या दिवसाच्या आसपास सुटतं. सुटलेलं बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, तर शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे उपयोगाचे दिवस सहाच: बीज सुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच. तुमचे ते तेराव्यापासून अठराव्यापर्यंत, एखाददुसरा दिवस इकडेतिकडे. मागच्या रजेत नवरा घरी आला तेव्हा तुमच्या पाळीचा विसावा दिवस असेल, तर ती पाळी वायाच गेली. रजेतले आठ दिवस तो नातेवाइकांकडे किंवा कंपनीच्या कामाला मुंबईला गेला असेल आणि नेमके हेच दिवस त्यात गेले असतील, तर आणखी एक गेली. तीनाच्या जागी एकच संधी उरली असणंही अगदी शक्य आहे.

तरीही तुमच्या हातात एएमएचचा रिपोर्ट आहे. या तपासणीने अंडाशयात किती बीजं शिल्लक असावीत याचा अंदाज येतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात इंजेक्शनांचा डोस ठरवायला तिचा खरा उपयोग होतो. नैसर्गिकपणे दिवस राहतील की नाही, हे ती सांगत नाही. महिन्याला बीज एकच लागतं, मग कोठारात दोन पोती असोत की दहा. आणि १.९ हा आकडा कमी म्हणावा असाही नाही, साधारण १ च्या खाली गेलं की आम्ही कमी म्हणतो. सत्तावीस वर्षांच्या मुलीला हा आकडा दाखवून 'उशीर नको' म्हणणं मला चूक वाटतं. तुमच्या डॉक्टरांच्या समोर सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांना काहीतरी हातात द्यायचं होतं, असं मला यातून दिसतं. हा मोह मला ठाऊक आहे.

गोळ्यांचंही तसंच आहे. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायच्या गोळ्या बीज तयार होत नसेल तेव्हा द्यायच्या असतात. ३१-३२ दिवसांनी नियमित पाळी येतेय याचाच अर्थ दर महिन्याला बीज तयार होतंय आणि सुटतंय. तिथे या गोळ्यांनी फायदा काही होत नाही. जुळं राहण्याची शक्यता वाढते, यातल्या जुन्या, फार वापरल्या जाणाऱ्या गोळीवर गर्भ राहिला तर शंभरात पाच ते आठ वेळा जुळं असतं. शिवाय कुणाला गरम वाफा येतात, कुणाची दृष्टी धूसर होते. आणि नवरा हिंदी महासागरात असताना बीज वाढवून त्याचं करायचं काय, हा साधा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नाही, याचं मला वाईट वाटतं.

एचएसजीबद्दल सांगते, कारण तिची भीती खूप जणींच्या मनात असते. पाळी थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत, गर्भाशयाच्या तोंडातून औषध आत सोडून एक्स-रे काढतात. दोन्ही नळ्या मोकळ्या असतील तर औषध त्यातून पुढे सांडलेलं दिसतं. काही मिनिटांचं काम आहे, पण त्या मिनिटांत पोटात जोराची कळ येते, आणि क्वचित नंतर जंतुसंसर्ग होतो. वर्ष उलटूनही दिवस राहिले नसतील, आधी कधी पोटात मोठा संसर्ग किंवा टीबी झाला असेल, अपेंडिक्स फुटलं असेल, तर ही तपासणी करायलाच हवी. तीन पाळ्यांच्या हिशेबावर मात्र ती मी कुणाच्याही अंगावर घालणार नाही.

आता 'तो फिट आहे' याकडे येते. तुमच्या प्रश्नातलं हेच वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

जहाजाच्या मेडिकलमध्ये डोळे, रंग ओळखणं, कान, रक्तदाब, साखर, छातीचा एक्स-रे, असं सगळं बघतात. वीर्याची तपासणी त्यात नसते. ताकद, दाढी-मिश्या, संबंध व्यवस्थित होणं, यातल्या कशावरूनही शुक्राणू आहेत की नाहीत ते कळत नाही. वीर्यात शुक्राणूंचा वाटा इतका थोडा असतो की एकही शुक्राणू नसला तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. मूल होण्यात अडचण असलेल्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर. आणि ते बघायला ना सुई लागते, ना कळ सोसावी लागते. तपासणीचा खर्च एचएसजीपेक्षा कितीतरी कमी येतो.

करायचं ते असं. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरून आणायचा असेल तर लॅबने दिलेल्या स्वच्छ डबीत, साध्या निरोधमधून नाही, कारण त्यातल्या रसायनांनी शुक्राणू मरतात. डबी खिशात, अंगाच्या उबेला ठेवून तासाच्या आत पोचवायची. गाडीच्या एसीसमोर ठेवून आणलेले नमुने मी पाहिले आहेत, त्यांचे रिपोर्ट भरवशाचे राहत नाहीत. नमुन्यातला पहिला भाग सांडला असेल तर तसं सांगायचं, बहुतेक शुक्राणू त्याच भागात असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापांप्रमाणे वीर्य १.४ मिलिलिटरच्या वर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाखांच्या वर शुक्राणू आणि त्यातले ३० टक्के तरी पुढे पोहणारे असले की चिंतेचं कारण नाही. आकार नीट असलेले फक्त ४ टक्के असले तरी पुरतात. '९६ टक्के सदोष' हे वाचून रडकुंडीला आलेली जोडपी मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

तुमच्या नवऱ्याचं काम इंजिन-रूममधलं आहे. अंडकोष शरीराबाहेर असतात ते त्यांना थंडावा लागतो म्हणून, आणि महिनोन्महिने उष्णतेत काम केल्याने काही जणांची संख्या कमी येऊ शकते. शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. त्यामुळे जहाजावरून उतरल्याच्या आठवड्यात केलेली तपासणी घरच्या दिवसांची नसून इंजिन-रूममधल्या दिवसांची असते. आकडा कमी आला तर घाबरायचं नाही, रजेच्या शेवटी पुन्हा करायची. मागच्या तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तरीही हेच. एका रिपोर्टवर पुरुषालाही शिक्का मारू नये.

हे सगळं इतकं सोपं असताना बाईला आधी का नेतात? माझ्या खोलीत घडलेली एक गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. डिचोली भागातली एक बाई, लग्नाला पाच वर्षं. तिने फाइल टेबलावर ठेवली ती दोन्ही हातांनी, इतकी जाड होती. तीन वर्षांच्या सोनोग्राफी, एचएसजी, एकदा दुर्बीण घालून केलेलं ऑपरेशन, तीन ठिकाणचे गोळ्यांचे कोर्स. मी सगळी पानं उलटली. नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नव्हता. विचारलं तर ती म्हणाली, "त्यांचं कोणी सांगितलंच नाही." नवरा बाहेर गाडीत बसला होता. त्याला आत बोलावलं, तपासणी सांगितली. रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या शून्य होती. लहानपणी त्याचं दोन्ही बाजूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यात नळ्या बंद झाल्या असाव्यात. पुढे त्यावर मार्ग निघाला. पण रिपोर्ट ऐकल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर नवऱ्याचा हात धरला आणि मला म्हणाली, "घरी सांगू नका हं. माझ्यातच आहे म्हणून सांगा." पाच वर्षं तिने जे ऐकलं होतं, ते त्याला ऐकावं लागू नये म्हणून.

तो दिवस मी विसरू शकत नाही, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीही असंच वागले आहे. बाई समोर यायची, सोबत सासू किंवा आई असायची, नवरा कामावर असायचा. जी समोर आहे तिला तपासायचं, हा माझा परिपाठ होता. नवऱ्याला बोलवा म्हटलं की ती माणसं दुसऱ्या डॉक्टरांकडे जातील, हेही मनात असायचं. आता मी नवऱ्याचा रिपोर्ट बघितल्याशिवाय एचएसजी लिहीत नाही. काही जण उठून जातात. जाऊ देत.

मूल होणं हे बाईचं काम आणि न होणं हा बाईचा दोष, हे आपल्या बोलण्यातच मुरलेलं आहे. 'तिला राहत नाही' म्हणतात, 'त्यांना' कोणी म्हणत नाही. वांझ हा शब्द पुरुषाला लावलेला मी कधीच ऐकला नाही. आपल्या गोव्यात तर हे एके काळी कायद्यात लिहिलेलं होतं. पोर्तुगिजांनी १८८० मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींची एक संहिता केली. तिच्यात बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर ठरावीक अटींवर नवऱ्याला दुसरी बायको करायची मुभा होती. त्या आधारावर आज कोणी दुसरं लग्न केलेलं माझ्या पाहण्यात नाही. पण त्यातली वयं बघा, दोन्ही बायकोचीच. नवरा कितीचा, त्याच्यात काय कमी आहे, याचा विचारच नाही. आणि मुलगा की मुलगी हे तर पुरुषाच्या शुक्राणूवरच ठरतं, त्याची शिक्षाही तिलाच. तुमच्या सासूबाई 'पंचवीस उलटून गेली' असं म्हणत असतील तर तो आकडा त्यांच्या आईच्या, आजीच्या काळजीतून त्यांच्यापर्यंत आलेला आहे.

पहिल्या चवथीला माहेरून व्हजें येतं, सगळे कौतुकाने बघतात. दुसऱ्या चवथीला माटोळीखाली बसलेल्या सुनेच्या पोटाकडे नजरा जातात. 'खबर ना?' असं हसत विचारतात, आणि विचारणाऱ्यांना त्यात काही वाईट केलं असं वाटत नाही. एक गोष्ट मात्र मला सारखी जाणवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात एका बाईमागे सरासरी मुलं होती १.३, दोन भरतील इतकीही नाहीत. घरभर मुलं कुणालाच नको आहेत. एकच हवंय, पण ते लगेच हवंय, कारण त्या एका मुलाने सून 'ठीक' असल्याची खात्री पटते. नवरा बाहेरगावी असला की त्यात आणखी एक भर पडते: 'तुला सोबत होईल', 'त्याचं मन घराकडे ओढेल'. नवऱ्याला घरी ओढून आणण्याचं कामही मग पोटातल्या बाळावर आणि बाळाला वाढवण्याचं काम एकट्या आईवर. रात्री दोन वाजता ताप आलेलं मूल घेऊन दवाखान्यात कोण जाणार, हे कोणी विचारत नाही.

तुम्ही शेवटी एका वाक्यात लिहिलंय की तुम्हाला दहा महिन्यांनंतर मूल हवं आहे. खरं तर प्रश्न तिथेच संपतो. पुढच्या महिन्यात नवरा आला की तुम्ही प्रयत्न करणारच नसाल, तर तुमची कुठलीच तपासणी आज लागत नाही. वयाचं म्हणाल तर प्रजननक्षमता तिशीच्या सुरुवातीपर्यंत फारशी बदलत नाही, ३२ च्या पुढे हळूहळू आणि ३७ च्या पुढे वेगाने उतरते. २७ चं २८ झाल्याने काही बिघडत नाही. तीन महिन्यांच्या रजेत निरोध किंवा गर्भनिरोधक गोळ्या, जे तुम्हाला सोयीचं असेल ते वापरा. 'पहिल्या मुलाआधी गोळ्या घेतल्या की नंतर राहत नाही' हे खरं नाही. गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींचं बीज एक ते तीन महिन्यांत पूर्ववत सुटू लागतं. तीन महिन्यांचं इंजेक्शन मात्र तुमच्यासाठी नको, कारण त्यानंतर दिवस राहायला कधी कधी आठ-दहा महिने लागतात.

नोकरीबद्दल एक माहिती असू द्या, निर्णय तुमचाच. मातृत्व रजेच्या कायद्यात कायम असण्याची अट नाही. प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की २६ आठवड्यांच्या पगारी रजेचा हक्क मिळतो. तुम्हाला तरीही कायम झाल्यावरच मूल हवं असेल, तर तेही पुरेसं कारण आहे. ते कुणाला पटवून द्यावं लागू नये.

मात्र जहाजावरच्या माणसाचं वेळापत्रक बघता एक अडचण मी लपवणार नाही. वर्षाला तीन-चार पाळ्याच एकत्र मिळणार असतील तर बारा पाळ्या भरायला तीन-चार वर्षं लागतील. अशा जोडप्यांना मी बारा पुऱ्या होईपर्यंत थांबा असं सांगत नाही. तुम्ही ठरवाल त्या रजेत आधी त्याची तपासणी, तुमचे ते सहा दिवस ओळखून प्रयत्न, शक्य असेल तर त्या खेपेला त्याने लांब रजा घेणं, एवढं करायचं. दोन रजा, म्हणजे सहा-सात चांगल्या पाळ्या जाऊनही काही झालं नाही, तर मग तुमच्या तपासण्या सुरू करू, त्यात एचएसजीही येईल. पुढे गरज पडलीच तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातही वंध्यत्वाच्या उपचारांची सोय आहे, लाखांचा खर्च डोळ्यांसमोर आणून आज घाबरायचं कारण नाही. पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाऊ लागली, पाळीत किंवा संबंधाच्या वेळी असह्य दुखू लागलं, किंवा नवऱ्याला वयात आल्यावर गालगुंड झालेले असतील, अंडकोष वरच राहिल्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर मात्र न थांबता या. आणि प्रयत्न सुरू करायच्या निदान एक महिना आधी फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज एक सुरू करा. त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि थॅलेसेमियाची रक्ततपासणी दोघांनी करून घ्या. तुमच्यासाठी तयारी म्हणून एवढंच.

घरी काय सांगायचं? माझं प्रामाणिक मत, तुम्ही सांगू नका. त्याला सांगू द्या. सासूबाई तुमच्या तोंडून ऐकतील तेव्हा त्यांना ती सुनेची पळवाट वाटेल, मुलाच्या तोंडून ऐकतील तेव्हा तो घरचा निर्णय होईल. त्याला फोनवर हा हिशेब वाचून दाखवा: दीड महिना, आठ, अडीच, चार. इंजिनवर काम करणाऱ्या माणसाला तो पटकन कळेल. मग त्याने घरी आल्यावर आईजवळ बसून इतकंच म्हणावं, "आई, मी घरी होतो अडीच महिने. तिला डॉक्टरकडे नेऊ नको. मूल कधी ते आम्ही दोघांनी ठरवलंय, आणि तपासायचं झालं तर आधी मी तपासून घेईन." हे शेवटचं वाक्य त्याने मोठ्याने म्हणायला हवं. ज्या घरांत मुलाने ते म्हटलं, तिथे सुनेला दवाखान्यात ओढणं थांबलेलं मी पाहिलं आहे. सासूबाईंनी देवीला गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, तर त्याला विरोध करू नका. त्यांच्या मनाला बरं वाटतं आणि तुमच्या अंगाला काही होत नाही. तुमच्या शरीराला हात लावणाऱ्या गोष्टीला मात्र तुमचा होकार लागतो, आणि तुम्ही डॉक्टरांना एकटं भेटायचंय असं म्हणू शकता. आम्ही सोबतच्या माणसाला बाहेर बसवतो.

तुमच्या घरात छळ आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी तसं धरतही नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असेल, म्हणून सांगते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून अपमान करणं, टोमणे मारणं हे शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणून नाव घेऊन लिहिलेलं आहे. मारहाण व्हायची वाट बघावी लागत नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलता येतं.

नवरा उतरला की पहिल्या आठवड्यात लॅबमध्ये घाई करू नका. त्याला घरचं जेवू द्या, झोपू द्या. तपासणी करायचीच असेल तर रजेच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ठेवा, म्हणजे इंजिन-रूमची उष्णता मागे पडलेली असेल. रिपोर्ट आला की दोघं मिळून या, आणि येताना ती पाच गोळ्यांची पट्टीही आणा, माझ्याकडेच ठेवून घेते.